‘मले नाई समजलं जी’: खताच्या हिशोबात माणूस कोणत्या पायरीवर हरवला, ते कसं शोधायचं?

माती परीक्षणाची पत्रिका हातात पडली की कास्तकाराला एकच गोष्ट हवी असते: कृषी केंद्रातून कोणत्या खताच्या किती बॅगा आणायच्या. पत्रिकेवर मात्र नत्र, स्फुरद, पालाश आणि तेही किलो प्रति हेक्टर लिहिलेलं असतं. मधला हिशोब गावातलं कुणीतरी करून देतं. कधी कृषी सखी, कधी कृषी मित्र, कधी बारावी झालेली पोरगी. आमच्या भागात पेरणीच्या तोंडावर हा हिशोब फोनवरूनच चालतो आणि उलट निरोप येतो, ‘मले नाई समजलं.’ हिशोब समजावणाऱ्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरण सगळीकडे एकच ठेवलं आहे: कोरडवाहू कपाशी, पत्रिकेवर ६०:३०:३० किलो प्रति हेक्टर आणि वावर दोन एकर. तुमच्या हाती येणाऱ्या पत्रिकेवरचे आकडे वेगळे असतील, पायऱ्या त्याच राहतील.

१. ‘समजलं नाही’ एवढाच निरोप आला. आधी काय करायचं?

तोच मजकूर पुन्हा पाठवायचा नाही. मोठ्या आवाजात रेकॉर्ड करूनही नाही. पहिल्यांदा जिथे पाय घसरला तिथेच तो दुसऱ्यांदाही घसरतो, आणि तिसऱ्यांदा माणूस विचारणंच सोडून देतो.

‘काय समजलं नाही?’ हा प्रश्नही उपयोगाचा नाही. ज्याला वाट चुकली ती जागा माहीत आहे, तो हरवलेलाच नसतो. या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘सगळंच’ असं उत्तर येतं, किंवा शेवटची ओळ पुढे केली जाते. शेवटची ओळ म्हणजे ‘यूरिया ८५ किलो’. पण तिथे कुणी क्वचितच अडकतं. अडलेलं असतं दोन-तीन पायऱ्या आधी. शेवटी येईपर्यंत ते फक्त उघडं पडतं.

विचारायचं ते असं: ‘काकाजी, तुमच्या हिशोबात डीएपी किती किलो आली?’ एक आकडा मागा. आकडा आला की तो कुठून आला हे शोधता येतं (प्रश्न ४). आकडाच आला नाही, तर त्याच्या आधीचा मागा (प्रश्न ३).

२. हिशोबाच्या पायऱ्या नेमक्या किती? मी तर दोन ओळींत सांगतो.

दोन ओळींत सांगता, म्हणूनच हरवलेली जागा सापडत नाही. पायऱ्या सहा आहेत, आणि प्रत्येक पायरीच्या शेवटी एक आकडा मिळतो:

१. क्षेत्र हेक्टरमध्ये: दोन एकर म्हणजे ०.८१ हेक्टर.
२. या वावराची गरज: नत्र ६० × ०.८१ = ४८.६ किलो, स्फुरद २४.३, पालाश २४.३.
३. स्फुरद डीएपीतून: शंभर किलो डीएपीत ४६ किलो स्फुरद, म्हणून २४.३ × १०० ÷ ४६ = सुमारे ५३ किलो डीएपी.
४. त्याच डीएपीतून आलेलं नत्र: शंभर किलोत १८, म्हणून ५३ किलोत ९.५ किलो.
५. उरलेलं नत्र: ४८.६ − ९.५ = ३९.१ किलो. शंभर किलो यूरियात ४६ किलो नत्र, म्हणून ८५ किलो यूरिया.
६. पालाश: शंभर किलो पोटॅशमध्ये ६०, म्हणून साधारण ४०.५ किलो पोटॅश.

बॅगांत सांगायचं तर डीएपी एक बॅग आणि वर तीन किलो, यूरिया दोन बॅगांना पाच किलो कमी, पोटॅश एका बॅगेच्या आत.

बरीच वर्षं मी तिसरी पायरी अशी लिहीत होते: ‘स्फुरद २४.३, म्हणून डीएपी ५३.’ त्या ‘म्हणून’मध्ये अख्खा भागाकार दडलेला होता. मला तो दिसत नव्हता, कारण माझ्या डोक्यात तो आपोआप होत होता. समोरच्याला एका ओळीत २४ आणि पुढच्याच ओळीत ५३ दिसायचे. मध्ये काय घडलं हे सांगणारं कुणी नसायचं. तुमचा जुना संदेश काढून बघा. ‘म्हणून’, ‘म्हणजे’, ‘साहजिकच’ हे शब्द जिथे आहेत, तिथे एखादी पायरी गिळली गेली आहे का ते तपासा.

३. सहा पायऱ्या पाठवल्या, तरी ‘समजलं नाही’. पहिलीपासून विचारत जायचं का?

मधून सुरुवात करा. तिसऱ्या पायरीचा आकडा विचारा, म्हणजे डीएपी किती किलो.

५३ च्या आसपास उत्तर आलं तर पहिल्या तीन पायऱ्या बहुधा शाबूत आहेत (‘बहुधा’ का, ते प्रश्न ९ मध्ये). मग चौथी विचारा. ५३ नाही आलं, तर दुसरी विचारा: ‘आपल्या वावराला स्फुरद किती किलो लागते म्हणून लिहिलं होतं?’ दोन, फार तर तीन प्रश्नांत जागा सापडते. पहिलीपासून सुरुवात केली तर सहा प्रश्न होतात, आणि वावरात कामात असलेला माणूस सहा निरोपांना उत्तर देत बसत नाही. तिसऱ्याच निरोपाला ‘राहू द्या, केंद्रवाल्यालेच विचारतो’ असं ऐकू येतं.

एका निरोपात एकच प्रश्न विचारा. दोन विचारले तर सोप्याचं उत्तर येतं आणि अवघडाचं राहून जातं.

४. चुकीचा आकडा आला. त्यावरून चूक कोणती हे कळतं का?

बरेचदा लगेच कळतं. या हिशोबातल्या चुका ठरावीक आहेत आणि प्रत्येकीचा आकडा वेगळा निघतो. या पानावरचा मला सगळ्यात जवळचा भाग हाच आहे, कारण इथे समोरच्याला काहीही न विचारता त्याचा विचार दिसतो.

‘डीएपी २४ किलो’ असं उत्तर आलं, तर त्याने स्फुरद आणि डीएपी एकच धरलं आहे. टक्केवारीची पायरी त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. यूरियाचं उत्तर ४८ किंवा ४९ आलं तरी गोष्ट तीच. ‘डीएपी ११ किलो’ आली, तर टक्के लक्षात आहेत पण भागायच्या ऐवजी गुणलं गेलं: २४.३ चे ४६ टक्के म्हणजे ११. या दोन्ही चुकांवरचा उपाय प्रश्न ५ मध्ये आहे.

‘डीएपी १३५ किलो’ आली तर भागाकार येतो, फक्त बॅगेवरचा चुकीचा आकडा उचलला गेला. डीएपीच्या बॅगेवर १८:४६:० असतं. पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा. त्याने २४.३ ला १८ टक्क्यांनी भागलं. इथे टक्केवारी पुन्हा शिकवत बसू नका. बॅगेवरचा आकड्यांचा क्रम सांगा, काम झालं.

‘डीएपी १३० किलो’ आली तर हेक्टरचा आकडा एकराला लावला गेला: ३० गुणिले २ एकर, ६० किलो स्फुरद. याच वाटेने पुढे गेलं तर यूरिया २१० निघतो. सगळी खतं जवळपास अडीच पट आली असतील, तर पहिली पायरी हरवली असं समजा. १३० आणि १३५ जवळ आहेत, म्हणून डीएपीवरून ठरवू नका, पोटॅशही विचारा. एकर-हेक्टरची चूक असेल तर पोटॅश १०० किलो येईल, बॅगेवरच्या क्रमाची असेल तर ४० च राहील.

‘डीएपी ५३, पण यूरिया १०५ किंवा १०६’ आला, तर डीएपीतलं नत्र वजा झालं नाही. हे सगळ्यात जास्त वेळा घडतं. प्रश्न ६ पाहा.

‘यूरिया ८५ किलो, म्हणजे पावणेदोन बॅगा’ असं आलं, तर हिशोब पूर्ण बरोबर आहे, बॅग जुनी आहे. यूरियाची बॅग पूर्वी ५० किलोची होती, २०१८ पासून ४५ किलोची आहे. जुन्या माणसांच्या मनात अजून ५० च बसले आहेत. डीएपीची बॅग ५० किलोचीच आहे.

यातलं काहीच जुळलं नाही, तर दोन चुका एकमेकींत मिसळल्या असतील. मग अंदाज बांधू नका, प्रश्न ३ प्रमाणे मधून विचारत जा.

५. ‘४६ टक्के’ म्हटलं की लोक अडकतात. टक्के कसे सांगायचे?

मी टक्के सांगणं सोडलं. बॅगेच्या भाषेत सांगते.

४५ किलोच्या यूरियाच्या एका बॅगेत जवळपास २१ किलो नत्र असतं (नेमकं २०.७). ५० किलोच्या डीएपीच्या बॅगेत २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र. ५० किलोच्या पोटॅशच्या बॅगेत ३० किलो पालाश. हे चार आकडे पाठ झाले की शंभर, भागिले, दशांश यांची गरज उरत नाही. ‘आपल्याले २४ किलो स्फुरद पाहिजे. एका बॅगेत २३ असते. मंग किती बॅगा?’ असं विचारलं, तर ज्याने शाळा चौथीत सोडली तोही ‘एक बॅग आन् थोडीशी’ म्हणतो. ते बरोबर असतं.

गुणायचं की भागायचं याचा गोंधळ असेल तर एक खूण सांगा: बॅगेतलं सगळंच नत्र किंवा सगळंच स्फुरद नसतं, म्हणून खताचे किलो नेहमी अन्नद्रव्याच्या किलोपेक्षा जास्तच यायला हवेत. यूरियात नत्र निम्म्याहून थोडं कमी असतं, तेव्हा यूरिया नत्राच्या दुपटीहून थोडा जास्त येतो. डीएपी ११ किलो निघाली तर ती २४ पेक्षा कमी आहे, म्हणजे नक्की चुकलं. ही खूण एकदा समजली की माणूस पुढच्या वेळी स्वतःची चूक स्वतः पकडतो.

६. डीएपीतलं नत्र वजा करायचं, हे कितीही सांगितलं तरी लोक विसरतात. का?

ते विसरत नाहीत. त्यांना ती पायरी निरर्थक वाटते, म्हणून ते सोडून देतात. दोन्हींत फरक आहे आणि तो मला एका निरोपातून कळला.

वर्धा नदीच्या काठच्या गावातले एक काकाजी. वय सत्तरीच्या आसपास, हिशोबाला पक्के. दोन एकरांचा हिशोब मी पाठवला, तर उलट निरोप आला, ‘नाई समजलं बाई.’ मी विचारलं, ‘काकाजी, डीएपी किती काढली?’ म्हणाले, ‘त्रेपन्न.’ म्हणजे तीन पायऱ्या बरोबर. मग विचारलं, ‘त्या त्रेपन्न किलोत नत्र किती आलं?’ बराच वेळ काही नाही. मग आवाजातला निरोप आला: ‘डीएपीत नत्र कुठून येईन जी? नत्र तं यूरियात असते. डीएपी म्हंजे डीएपी.’

तिथे सगळा उलगडा झाला. त्यांच्या मनात एक बॅग म्हणजे एक वस्तू. यूरिया पानाला, डीएपी मुळाला, पोटॅश बोंडाला. इतकी वर्षं त्यांनी शेती अशाच समजुतीवर केली आणि ती अगदीच चुकीची नाही. अशा माणसाला ‘डीएपीतलं नत्र वजा करा’ म्हणणं म्हणजे तुरीच्या पोत्यातून ज्वारी काढा म्हणण्यासारखं आहे. मी त्याआधी दोनदा वजाबाकी समजावली होती. त्यांना वजाबाकी येतच होती.

मी मग किराणा दुकानाचं उदाहरण दिलं. ‘काकाजी, समजा दुकानात तांदूळ आन् डाळ मिसळलेलंच पोतं भेटते. शंभर किलोत ४६ किलो तांदूळ, १८ किलो डाळ. तुमाले तांदूळ पाहिजे म्हणून तुमी ते पोतं आणलं. आता डाळ वेगळी आणायची तं पहिल्याइतकीच आणान का?’ म्हणाले, ‘कायले? पोत्यात आली ना थोडी.’ मी म्हटलं, ‘डीएपीचंही तसंच आहे. बॅगेवर १८:४६ लिहिलं आहे ते तेच.’ पाच मिनिटांनी त्यांनी स्वतःहून आकडा पाठवला: यूरिया ८५.

हे उदाहरण एका जागी तोकडं पडतं. ४६ आणि १८ मिळून ६४ होतात, तर उरलेले ३६ किलो काय, असं चौकस माणूस विचारतो. सांगायचं की नत्र आणि स्फुरद सुटे पडलेले नसतात, इतर मूलद्रव्यांशी जोडलेले असतात. ते वजन त्यांचं. खताच्या हिशोबात ते धरत नाहीत.

७. हेक्टर, आर, एकर, गुंठे यांत गोंधळ होतो. सगळं समजावून सांगू का?

नाही. एक एकर म्हणजे ०.४० हेक्टर आणि एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, एवढंच पुरे. सातबाऱ्यावर ०.८१ दिसलं की लोक त्याला ‘८१ गुंठे’ म्हणतात. खरं तर ते ८१ आर आहेत. पण आर आणि गुंठा जवळपास सारखेच: गुंठा १०१ चौरस मीटरच्या थोडा वर, आर १०० चौरस मीटर. खताच्या हिशोबात या फरकाने काहीच बिघडत नाही. ही चूक सोडून द्या. ती दुरुस्त करत बसलात तर खरी पायरी आणखी लांब जाते.

बिघडतं ते एकर आणि हेक्टरच्या अदलाबदलीने. पत्रिकेवर किंवा घडीपत्रिकेवर ‘प्रति हेक्टर’ लिहिलं आहे की ‘प्रति एकर’, त्याचा फोटो मागवून आधी स्वतः वाचा.

८. ‘हाव, समजलं’ म्हणतात आणि दुकानातून वेगळंच आणतात. हे आधी कसं ओळखायचं?

‘समजलं का?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘हाव’ हेच उत्तर असतं. समोरचा खोटं बोलत नसतो. तुम्ही त्याच्यासाठी वेळ दिला, आता पुन्हा विचारून त्रास कशाला, असा त्याचा मान ठेवणं असतं. तुम्ही बाई असाल आणि समोर वयाने मोठा माणूस असेल, किंवा नवी सून सासऱ्याचा हिशोब विचारत असेल, तर ‘हाव’ आणखी लवकर येतं.

म्हणून ‘समजलं का’ विचारू नका. असं विचारा: ‘मंग काका, उद्या केंद्रात जाऊन काय-काय मागान?’ उत्तरात बॅगा आल्या तर समजलं. ‘तुमी सांगतलं तेच’ आलं, तर नाही समजलं. आणखी चांगलं म्हणजे वावर बदलून विचारणं: ‘तुमच्या भावाचं एकच एकर आहे, त्याले डीएपी किती लागन?’ ५३ चे निम्मे २६-२७ किलो, म्हणजे अर्ध्या बॅगेच्या थोडी वर, असं उत्तर आलं तर तो हिशोब आता त्याचा झाला. ५३ हा आकडा ज्याने फक्त पाठ केला असेल, तो इथे थांबतो.

९. डीएपीचं उत्तर जवळपास बरोबर आलं. मग पहिल्या तीन पायऱ्या ठीक धरायच्या ना?

एका ठिकाणी फसाल. डीएपीचं उत्तर ‘६० किलो’ आलं आणि तुम्हाला वाटलं, ५३ च्या जवळच आहे, बॅगांचा अंदाज घेतला असेल. पण ६० दुसऱ्याच वाटेने येतात. पत्रिकेवर स्फुरद ३०, एकर दोन, तीस दुणे साठ, आणि साठ किलो स्फुरद म्हणजे साठ किलो डीएपी. इथे दोन पायऱ्या हरवल्या आहेत. हेक्टरचा आकडा एकराला लावला, म्हणून उत्तर जवळपास अडीच पट वाढलं. स्फुरदालाच डीएपी धरलं, म्हणून ते निम्म्याहून खाली आलं. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं.

हा माणूस डीएपीत थोडक्यात वाचतो, पण यूरियात वाचत नाही. त्याच हिशोबाने तो यूरिया १२० किलो आणेल, जिथे ८५ पुरत होता. पोटॅश ६० आणेल, जिथे ४० लागत होतं. म्हणून डीएपी ६० च्या आसपास आली तर लगेच पोटॅश विचारा. पोटॅशच्या हिशोबात वजाबाकी नाही, त्यामुळे तिथे झाकायला जागा कमी. ४० च्या जवळ आलं तर चिंता नाही. ६० आलं तर पहिली पायरी आणि टक्क्यांची पायरी, दोन्ही पुन्हा. आधी पहिली नीट करा. दोन्ही एकाच निरोपात सांगितल्या तर कोणत्या दुरुस्तीने आकडा बदलला, हे त्यालाही कळत नाही.

१०. केंद्रात डीएपी नाही, दुसरं खत घ्यायला सांगितलं. आता ज्याला समजलं होतं त्यालाही समजेना.

हंगामाच्या तोंडावर हे दरवर्षी होतं. आधी पायऱ्या कळल्या होत्या की फक्त क्रम पाठ झाला होता, ते इथे दिसतं.

डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट घेतलं, तर शंभर किलोत १६ किलो स्फुरद असतं. २४.३ किलोसाठी साधारण १५२ किलो, म्हणजे तीन बॅगा. पण या खतात नत्र नाही. म्हणजे चौथी पायरी गायब होते, आणि पूर्ण ४८.६ किलो नत्र यूरियातून यायला हवं: १०६ किलो, दोन बॅगा आणि वर सोळा किलो. ज्याने ‘साडेनऊ वजा करायचे’ एवढंच लक्षात ठेवलं होतं, तो इथेही ते वजा करून ८५ च सांगतो आणि पऱ्हाटीला नत्र कमी पडतं. त्याला विचारा, ‘हे साडेनऊ किलो कोणत्या बॅगेतून आले?’ या प्रश्नाने पायरी जागेवर येते.

१०:२६:२६ मिळालं तर उलट होतं. स्फुरदासाठी साधारण ९४ किलो लागतात, त्यातून साडेनऊच्या जवळपास नत्र येतं, आणि स्फुरदाइतकाच पालाशही येतो. आपल्या उदाहरणात दोन्हींची गरज सारखीच आहे, म्हणून वेगळा पोटॅश लागतच नाही. यूरिया ८५ च राहतो. समोरच्याने तरीही ४० किलो पोटॅश लिहिला असेल, तर त्याला तांदूळ-डाळीच्या पोत्यात तिसरी वस्तू दिसली नाही. प्रश्न ६ मधल्या उदाहरणात साखर घालून पुन्हा विचारा.

११. निरोप मुलगा पाठवतो, निर्णय बाप घेतो. नक्की कोणाला समजलं नाही?

आधी तेच विचारा: ‘दादा, तुला नाही समजलं की बाबांना?’ बऱ्याचदा पोराला हिशोब आलेला असतो, पण बापाला पटवून सांगता येत नाही, आणि निरोपात दोघांचं एकत्र ‘समजलं नाही’ होतं. पोराला टक्के येतात, बापाला बॅगा कळतात. अशा वेळी पोराला पायऱ्या पुन्हा पाठवू नका. प्रश्न ५ मधला बॅगांचा हिशोब आवाजात पाठवा आणि बाबांना ऐकवायला सांगा. उत्तर बाबांच्याच आवाजात यावं. पोराने लिहून पाठवलेला आकडा पोराचाच असतो.

१२. सगळे आकडे बरोबर सांगतात, तरी म्हणतात ‘समजलं नाही’. आता कोणती पायरी शोधू?

कोणतीच नाही. सहाच्या सहा आकडे बरोबर आले तर हिशोब समजलेला आहे. ‘समजलं नाही’ म्हणजे इथे ‘पटलं नाही’. शेजारचा एकरी दोन बॅगा यूरिया टाकतो आणि त्याची पऱ्हाटी हिरवीगार दिसते, मग मी निम्मी का टाकू, हा खरा प्रश्न असतो. तो थेट विचारणं अवघड, म्हणून ‘समजलं नाही’.

त्याला आकड्यांनी उत्तर देऊ नका. विचारा, ‘तुमाले कमी वाटते का?’ ‘हाव’ आलं की मग खरी गोष्ट बोला: नत्र जास्त झालं की झाड नुसतं वाढतं, पालवी लुसलुशीत राहते आणि मावा-तुडतुड्यांना ती आवडते. मग फवारणीचा खर्च वाढतो. शेजाऱ्याची पऱ्हाटी हिरवी दिसते हे खरं आहे, ते नाकारू नका. बोंडं किती धरली आणि फवारण्या किती झाल्या, ते त्याला शेजाऱ्याकडून विचारून यायला सांगा.

१३. माणूस केंद्रात उभा आहे, मागे रांग आहे, आणि फोनवर म्हणतो समजलं नाही. तेव्हाही पायरी शोधायची?

तेव्हा नाही. तेव्हा बॅगा सांगा: ‘डीएपी एक, यूरिया दोन, पोटॅश एक. जे उरन ते ठेवून द्या.’ वर लागणाऱ्या तीन किलो डीएपीसाठी दुसरी बॅग घ्यायला लावू नका. फक्त खत तेच आहे ना, एवढं विचारा. बॅगेचा फोटो मागवा किंवा तिच्यावरचे आकडे वाचून घ्या. १८:४६ ऐवजी १०:२६:२६ निघालं तर बॅगा बदलतात: १०:२६:२६ दोन, यूरिया दोन, पोटॅश नाही. सुपर फॉस्फेट निघालं तर ते तीन, यूरिया दोन आणि पोटॅश एक. कमी पडणारा सोळा किलो यूरिया पहिल्या खुरपणीनंतरच्या हप्त्याआधी आणता येतो.

पायरी त्याच रात्री शोधा, जेवणं झाल्यावर, तो ओसरीवर निवांत बसला असेल तेव्हा. पत्रिका हातात घ्यायला सांगा आणि पहिला प्रश्न डीएपीचा विचारा.